पोटगी दरमहा की एकरकमी: आकडा कसा ठरतो आणि पुढे तो बदलता येतो का

घटस्फोटाच्या बोलणीत पहिला प्रश्न येतो तो "किती?" आणि दोन्ही बाजू त्याच आकड्याभोवती महिनोन्महिने फिरत राहतात. रक्कम कोणत्या स्वरूपात द्यायची-घ्यायची, हे मात्र शेवटच्या तारखेला घाईघाईत उरकलं जातं. पुढची वीस-पंचवीस वर्षं ठरतात ती या स्वरूपावरून. दरमहा पोटगीचा हुकूम कोर्टात उघडा राहतो: परिस्थिती बदलली की वाढवून, कमी करून किंवा रद्द करून मागता येतो. एकरकमी तडजोड झाली की दार जवळजवळ बंद होतं. म्हणून दोन्ही पर्यायांचे आकडे शेजारी-शेजारी मांडल्याशिवाय कशावरही सही करू नये. ते कसे मांडायचे, हे इथे एका कल्पित जोडप्याचा हिशेब करून पाहू.

हे सगळं हिंदू विवाह कायदा, १९५५ लागू असलेल्या जोडप्यांसाठी आहे. विशेष विवाह कायद्याखाली, म्हणजे नोंदणी पद्धतीने लग्न झालं असेल तर कलम ३७ लागतं. त्याची रचना बरीचशी सारखी आहे, पण तिथे कायमस्वरूपी पोटगी फक्त पत्नीला मागता येते. हिंदू विवाह कायद्यात पती किंवा पत्नी, कोणीही मागू शकतं. व्यवहारात बहुतेक अर्ज पत्नीचे असतात, म्हणून पुढचं उदाहरण तसं घेतलं आहे.

पहिली पायरी: कोणती पोटगी मागताय ते वेगळं करा

खटला चालू असताना मिळते ती अंतरिम पोटगी. कोर्टाच्या आवारात तिला खावटीही म्हणतात. ती कलम २४ खाली मिळते आणि खटल्याबरोबर संपते. कायमस्वरूपी पोटगी कलम २५ खाली मिळते, हुकूमनामा होताना किंवा त्यानंतर कधीही. "त्यानंतर कधीही" हे शब्द फार कामाचे आहेत. घटस्फोट होताना पोटगी मागायची राहून गेली तरी त्याच कोर्टात नंतर अर्ज करता येतो.

त्याला एक अट आहे. आधी हुकूमनामा व्हायला हवा: घटस्फोटाचा, न्यायिक विभक्ततेचा किंवा विवाह रद्द ठरवल्याचा. याचिका फेटाळली गेली तर लग्न टिकून राहतं आणि कलम २५ खाली काही मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे १९९३ मध्येच स्पष्ट केलं आहे. अशा वेळी इतर कायद्यांखाली निर्वाहखर्च मागावा लागतो. उलट लग्न मुळातच अवैध ठरलं तरी कलम २५ ची पोटगी देता येते, असा निकाल त्याच न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये दिला.

कलम २५ मध्येच दोन वाटा लिहिलेल्या आहेत. कोर्ट एकदम मोठी रक्कम देऊ शकतं, किंवा अर्जदाराच्या हयातीपर्यंत दरमहा अथवा ठरावीक काळाने रक्कम देण्याचा हुकूम करू शकतं. म्हणजे एकरकमी पोटगी ही फक्त तडजोडीतच असते असं नाही. लढवलेल्या खटल्यातही न्यायाधीश ती देऊ शकतात. पण प्रत्यक्षात बहुतेक एकरकमी आकडे परस्पर संमतीच्या घटस्फोटात, कलम १३ब खाली ठरतात.

मुलांचा खर्च या दोहोंपासून वेगळा आहे. तो कलम २६ चा विषय. तो आईच्या पोटगीत मिसळला की दोन्हींचा हिशेब बिघडतो, म्हणून पहिल्या अर्जापासूनच दोन वेगळ्या रकमा मागाव्यात.

दुसरी पायरी: उत्पन्नाचं शपथपत्र

४ नोव्हेंबर २०२० च्या "रजनीश विरुद्ध नेहा" या निकालानंतर पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र ठरावीक नमुन्यात द्यावं लागतं. अर्जदार ते अर्जासोबत देतो. समोरच्याला उत्तरासोबत, साधारण चार आठवड्यांत द्यायचं असतं. निम्मी लढाई इथेच जिंकली किंवा हरली जाते. सुरुवातीला न्यायाधीशांपुढे मुख्य आधार तोच असतो.

नवे लोक इथे हमखास एक चूक करतात: आपलं उत्पन्न कमी आणि खर्च फुगवून दाखवतात. शपथपत्रात उत्पन्न शून्य आणि बँकेच्या उताऱ्यात दरमहा शिकवण्यांचे पैसे, हे उलटतपासणीत उघडं पडलं की उरलेल्या खऱ्या आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही. शिवाय खोट्या शपथपत्राबद्दल कारवाईची मागणी होऊ शकते. नोकरी असेल तर ती सांगा. कमावती बायको पोटगीला अपात्र ठरत नाही. ती कमाई तिला त्या घरातल्या राहणीमानाला पुरते का, हे पाहिलं जातं.

समोरच्याचं उत्पन्न लपवलेलं असेल तर फक्त पगारपत्रकावर थांबू नका. आयकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणात व्याज, लाभांश, शेअर आणि म्युच्युअल फंडांचे व्यवहार दिसतात. भविष्यनिर्वाह निधीच्या पासबुकावरून मूळ पगाराचा अंदाज बांधता येतो. ही कागदपत्रं दाखल करण्याचा आदेश समोरच्याला द्यावा, असा अर्ज कोर्टात करता येतो. धंदेवाईक माणसाच्या बाबतीत सर्वांत बोलका कागद असतो तो त्याने स्वतः भरलेला कर्जाचा अर्ज. आयकर विवरणात वर्षाला पाच लाख दाखवणारा माणूस गृहकर्ज मागताना बँकेला पंधरा लाख सांगतो, आणि त्यावर सही त्याचीच असते.

तिसरी पायरी: दरमहा आकडा काढा

कायद्यात सूत्र नाही. कलम २५ एवढंच सांगतं की दोघांचं उत्पन्न आणि मालमत्ता, दोघांचं वर्तन आणि इतर परिस्थिती पाहावी. न्यायालयांनी त्यात वर्षानुवर्षं भर घातली आहे: लग्न किती वर्षं टिकलं, राहणीमान कसं होतं, अर्जदाराचं वय, शिक्षण, तब्येत, संसारासाठी सोडलेली नोकरी, मुलं कोणाकडे आहेत, देणाऱ्यावर आणखी कोण अवलंबून आहे. लग्नाचा काळ महत्त्वाचा आहे. २०२० च्या त्याच निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की लग्न फार थोडा काळ टिकलेलं असताना आयुष्यभराची पोटगी लादणं अन्यायाचं होऊ शकतं. दीड वर्षाच्या लग्नावर पंचवीस वर्षांचा हिशेब मांडला तर तो टिकत नाही.

"पगाराच्या पंचवीस टक्के" हा आकडा सगळीकडे ऐकू येतो. तो आला आहे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या एका निकालातून. त्यात नवऱ्याचा निव्वळ पगार ९५,५२७ रुपये होता. उच्च न्यायालयाने पोटगी १६,००० वरून २३,००० केली होती. सर्वोच्च न्यायालयाने निव्वळ पगाराच्या २५ टक्के हे योग्य प्रमाण मानलं. तरीही नवऱ्याने पुन्हा लग्न केलं होतं आणि नव्या संसाराची जबाबदारी आली होती म्हणून रक्कम २०,००० वर आणली. त्या एकाच निकालात प्रमाण सांगितलं गेलं आणि परिस्थितीनुसार ते वाकवलंही गेलं. तो मापदंड आहे, हक्क नाही.

आता आपलं जोडपं. लग्नाला अकरा वर्षं. पत्नीचं वय ३६, खासगी शाळेत शिक्षिका, हातात २४,०००. मुलगा आठ वर्षांचा, आईकडे. नवरा खासगी कंपनीत, ढोबळ पगार १,२०,०००. तो शपथपत्रात लिहितो, "माझ्या हातात ६२,००० येतात."

हा आकडा आधी सोलून बघायचा. आयकर, व्यवसाय कर आणि सक्तीचा भविष्यनिर्वाह निधी मिळून २२,००० जातात. या वजावटी मान्य होतात. निव्वळ पगार ९८,०००. पुढचे २८,००० त्याच्या नावावरच्या फ्लॅटचा हप्ता आणि ८,००० स्वेच्छेने वाढवलेली भविष्यनिर्वाह निधीची वर्गणी. या दोन्हींतून त्याचीच मालमत्ता तयार होते. म्हणून कोर्ट सहसा त्या पगारातून वजा करत नाही, फार तर देण्याची ताकद ठरवताना ध्यानात घेतं. खटला सुरू झाल्यावर अचानक वाढलेली वर्गणी किंवा नवं कर्ज दिसलं की तारखांचा तक्ता करून कोर्टापुढे ठेवा, तारखाच बोलतात.

पत्नीचा महिन्याचा खर्च असा: घरभाडं १४,०००, किराणा-वीज-गॅस ९,०००, प्रवास आणि फोन ३,५००, औषधं आणि विमा ३,५००, कपडे व इतर ४,०००. एकूण ३४,०००. कमाई वजा जाता तूट १०,०००. मुलाचा खर्च: शाळेची फी वर्षाला ८४,००० म्हणजे महिन्याला ७,०००, शिकवणी ३,०००, बाकी ५,०००, एकूण १५,०००. आई कमावती असल्याने मुलाचा खर्च दोघांत कमाईच्या प्रमाणात वाटला जाऊ शकतो. ९८ आणि २४ हे प्रमाण साधारण ८० ला २० पडतं, म्हणजे वडिलांच्या वाट्याला १२,०००. अशा रीतीने किमान मागणी १०,००० अधिक १२,०००, म्हणजे २२,०००.

दुसरी पद्धत हिश्श्यांची. दिल्ली उच्च न्यायालयाने २००४ मध्ये ती वापरली: कुटुंबाचं एकूण उत्पन्न घ्यायचं, कमावत्या नवऱ्याला त्याच्या जास्तीच्या खर्चासाठी दोन हिस्से आणि बाकी प्रत्येकाला एक. इथे एकूण १,२२,०००, हिस्से चार, एक हिस्सा ३०,५००. पत्नी आणि मुलगा मिळून ६१,०००. त्यातून पत्नीचे २४,००० वजा केले तर नवऱ्याने द्यायचे ३७,०००. हा आकडा वरची मर्यादा म्हणून धरावा, कारण आठ वर्षांच्या मुलाचा खर्च ३०,५०० आहे असा पुरावा या घरात नाही.

आणि पंचवीस टक्क्यांच्या मापाने २४,५००. इथे नवऱ्याच्या बाजूने एक युक्तिवाद येतोच: तिला २४,००० मिळतात, मग ५०० रुपयेच देणं लागतं. तो फसवा आहे. २५ टक्के ही पत्नीच्या एकूण उत्पन्नाची कमाल मर्यादा नव्हे. तिची कमाई हा एक घटक आहे, जशी त्याची ९८,००० ची कमाई दुसरा.

तीन पद्धतींनी पट्टा मिळाला: २२,००० ते ३७,०००. पत्नीला १२,००० आणि मुलाला १५,०००, एकूण २७,००० ही या जोडप्यासाठी समर्थनीय रक्कम वाटते. नवऱ्याकडे ७१,००० उरतात. फ्लॅटचा हप्ता भरून ४३,०००. देणाऱ्याकडे काय उरतं हे अर्जदाराच्या वकिलाने स्वतःहून दाखवावं. न पेलणारा हुकूम मिळवण्यात शहाणपण नाही, कारण त्याची थकबाकी वसूल करण्यात वर्षं जातात.

वाढीची अट हुकमातच मागा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका पत्नीची कायमस्वरूपी पोटगी महिना ५०,००० करताना दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ त्या हुकमातच घातली. अशी अट नसली की महागाईसाठी दर काही वर्षांनी नवा अर्ज, नवी वकिली फी.

चौथी पायरी: दरमहाचं एकरकमीत रूपांतर

आता पत्नीच्या १२,००० रुपयांची एकरकमी किंमत काढू. मुलाची रक्कम या हिशेबाबाहेर ठेवायची.

वर्षाला १,४४,०००. ती साठीची होईपर्यंत २४ वर्षं. सरळ गुणाकार ३४.५६ लाख. घेणारी बाजू हा आकडा मागते आणि देणारी बाजू हसते, कारण चोवीस वर्षांत मिळणारे पैसे आज एकदम मिळाले तर त्यावर व्याजही मिळतं. ठेवीवर ७ टक्के धरले आणि पोटगी कायम १२,००० च राहील असं मानलं तर आजची किंमत साधारण १६.५ लाख. देणारी बाजू इथे थांबते. पण पोटगी स्थिर राहणार नसते. दर दोन वर्षांनी ५ टक्के, म्हणजे वर्षाला अंदाजे अडीच टक्के वाढ धरली तर किंमत होते साधारण २०.६ लाख.

या शेवटच्या आकड्याची एक सोपी कसोटी आहे. २०.६ लाखांवर ७ टक्के व्याज वर्षाला १.४४ लाख होतं, म्हणजे पहिल्या वर्षी बरोबर १२,००० महिना. दुसऱ्या वर्षापासून वाढीव रक्कम मुद्दलातून काढावी लागते, आणि साठीला मुद्दल संपतं. व्याजावर आयकर लागला तर ते थोडं आधीच संपेल. एकरकमी घेणाऱ्याने हे चित्र डोळ्यांपुढे ठेवावं. त्यात घराच्या दुरुस्तीला, भावाच्या धंद्याला किंवा गाडीला जागा नाही.

वाटाघाटीत आकडा यापासून खाली-वर होतो, त्याची कारणंही खरी असतात. पत्नीचं पुनर्विवाहाचं वय असेल तर देणारा म्हणेल की दरमहा पोटगी चोवीस वर्षं चाललीच नसती. त्यात तथ्य आहे. घेणारी म्हणेल की तुझी नोकरी, तुझी नियत आणि तुझं आयुष्य या तिन्हींचा धोका मला नको आहे. त्यातही तथ्य आहे. आमच्या मते देणाऱ्याचा पगार बँकेत जमा होत असेल, नोकरी पक्की असेल आणि अर्जदाराला नियमित दुसरं उत्पन्न नसेल, तर दरमहा पोटगीचा विचार आधी करावा. देणारा धंद्यात असेल, परदेशी जाणार असेल किंवा अंतरिम पोटगीही सतत थकवत आला असेल, तर कमी आकड्यातही एकरकमी परवडते.

करात मोठा फरक आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या १९८३ च्या एका निकालानुसार दरमहा मिळणारी पोटगी हे घेणाऱ्याचं करपात्र उत्पन्न आहे, आणि एकरकमी पोटगी भांडवली स्वरूपाची म्हणून करपात्र नाही. देणाऱ्याला दोन्हींत वजावट नाही. एकरकमी रक्कम हप्त्यांत ठरत असेल तर ती एकूण ठरलेली रक्कम आहे आणि फक्त भरणा टप्प्यांत आहे, हे अटींमध्ये स्पष्ट लिहा. नाहीतर ती नियतकालिक पोटगीसारखी दिसते.

पाचवी पायरी: अटींचा मसुदा

परस्पर संमतीच्या घटस्फोटात दोन टप्पे असतात, वकिलांच्या भाषेत पहिलं आणि दुसरं मोशन. मध्ये किमान सहा महिने. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्याच दुसऱ्या एका निकालानंतर योग्य प्रकरणात कोर्ट ही मुदत माफ करू शकतं. दुसऱ्या टप्प्यापर्यंत कोणीही एकजण संमती मागे घेऊ शकतो. पैशाचे टप्पे या धोक्याभोवती आखावे लागतात.

आपल्या जोडप्यात १८ लाखांवर एकमत झालं असं धरू. सगळे पहिल्या टप्प्यावर दिले तर देणारा अडकतो, सगळे घटस्फोटानंतर ठेवले तर घेणारी. साधारणपणे चालणारी पद्धत अशी: ५ लाख पहिल्या टप्प्यावर, उरलेले १३ लाख दुसऱ्या टप्प्याच्या दिवशी डिमांड ड्राफ्टने कोर्टापुढे, आणि त्याची पावती नोंदवल्यावरच शेवटचे जबाब. पुढच्या तारखांचे धनादेश घेऊ नका. धनादेश न वटण्याचा फौजदारी खटला हा वेगळाच संसार आहे. पहिली रक्कम देऊन समोरचा फिरला तर ती परत होईल की अंतरिम पोटगीत वळती होईल, हेही लिहून ठेवा.

तडजोडीत फ्लॅट असेल तर नुसतं "फ्लॅट पत्नीला दिला" हे वाक्य पुरत नाही. कर्ज बाकी असेल तर बँकेच्या संमतीशिवाय नाव बदलत नाही, आणि हप्ते कोण भरणार हे लिहिलेलं नसेल तर बँक दोघांच्या मागे लागते. हस्तांतरण कोणत्या दस्ताने आणि हुकूमनाम्याच्या आधी की नंतर, हे मुद्रांक शुल्काच्या दृष्टीने आधीच तपासून घ्या. महाराष्ट्रात राहतं घर नवरा-बायकोत बक्षीसपत्राने देताना मुद्रांकात सवलत आहे. घटस्फोट झाल्यावर ते नवरा-बायको राहत नाहीत. स्त्रीधन आणि लग्नात मिळालेल्या वस्तूंची यादी स्वतंत्र करा. त्या पोटगीत धरल्या जाऊ नयेत.

दरमहा पोटगी ठरली असेल तर मसुद्यात तीन गोष्टी हव्यात: कोणत्या तारखेपर्यंत कोणत्या खात्यात, दर दोन वर्षांची वाढ, आणि तारण. कलम २५ खाली कोर्ट देणाऱ्याच्या स्थावर मालमत्तेवर पोटगीचा बोजा चढवू शकतं. ही तरतूद फार कमी लोक वापरतात. घटस्फोटित पत्नी वारस नसते, त्यामुळे देणारा गेला तर तिच्या हाती काही उरवण्याचा हाच मार्ग ठरू शकतो.

सहावी पायरी: नंतर बदल हवा असेल तर

दरमहा पोटगीसाठी कलम २५ चं दुसरं पोटकलम आहे. कोणत्याही बाजूच्या परिस्थितीत हुकमानंतर बदल झाला असेल तर ज्या कोर्टाने हुकूम केला तिथेच अर्ज करायचा. बदल "नंतरचा" हवा. हुकमाच्या वेळी माहीत असलेली गोष्ट पुन्हा मांडली तर अर्ज उडतो. त्यासाठी अपील होतं. म्हणून अर्जाला दोन तक्ते जोडा: हुकमाच्या दिवशीचं उत्पन्न आणि खर्च, आणि आजचे तेच आकडे. नवं शपथपत्र दोघांनाही द्यावं लागतं.

खरी नोकरी गेली, गंभीर आजार, निवृत्ती, मोठी पगारवाढ, घेणाऱ्याला लागलेली चांगली नोकरी, वारसाने आलेली मालमत्ता, मुलांच्या शिक्षणाचा वाढलेला टप्पा ही कारणं चालतात. अर्जाच्या आदल्या महिन्यात दिलेला राजीनामा किंवा हौसेने काढलेलं कर्ज चालत नाही. न्यायालयं तेव्हा पात्रतेनुसार किती कमावता आलं असतं हे बघतात. देणाऱ्याने पुन्हा लग्न केलं तर २५ टक्क्यांच्या त्या २०१७ च्या निकालाप्रमाणे थोडा दिलासा मिळू शकतो. पोटगी माफ होत नाही.

घेणाऱ्याने पुन्हा लग्न केलं तर तिसऱ्या पोटकलमाखाली हुकूम बदलता किंवा रद्द करता येतो. पण तो आपोआप रद्द होत नाही. सर्वांत महागात पडणारी चूक इथे होते: "तिने लग्न केलं" किंवा "माझी नोकरी गेली" म्हणून माणूस परस्पर पैसे थांबवतो. जुना हुकूम बदलेपर्यंत थकबाकी चढत राहते आणि घेणारी वसुलीची दरखास्त दाखल करते. सामान्य कर्जाच्या वसुलीपेक्षा पोटगीच्या हुकूमनाम्यात पगाराचा जास्त भाग जप्त होतो. फक्त एक तृतीयांश पगाराला संरक्षण आहे. म्हणून घटना घडल्याच्या महिन्यातच अर्ज टाका, आणि निकाल लागेपर्यंत जमेल तेवढी रक्कम बँकेतूनच भरत राहा.

एकरकमीचं काय? कलमाच्या शब्दांत एकरकमी हुकूम वेगळा काढलेला नाही. तरी दिली-घेतली गेलेली आणि संमतीने ठरलेली रक्कम नवऱ्याचा पगार दुप्पट झाला म्हणून किंवा पत्नीने सहा महिन्यांत लग्न केलं म्हणून कोर्ट सहसा उघडत नाही. संमतीच्या हुकूमनाम्यावर अपीलही होत नाही. उघडण्याची तीनच वाटा खऱ्या आहेत.

पहिली फसवणूक: शपथपत्रात फ्लॅट किंवा शेअर लपवले आणि त्यावर विसंबून आकडा ठरला. म्हणून अटींमध्ये "दोघांनी जाहीर केलेल्या मालमत्तेच्या आधारे ही रक्कम ठरली" असं वाक्य आणि ती यादी जोडलेली असावी. हे वाक्य नसेल तर नंतर लपवाछपवी सिद्ध करूनही तिचा आकड्याशी संबंध दाखवणं जड जातं.

दुसरी मुलं. "मुलाचा यापुढे कोणताही दावा नाही" असं आईने लिहून दिलं तरी मुलाचा हक्क त्याने जात नाही, कारण तो हक्क तिने सोडण्याजोगा तिचा नाहीच. देणाऱ्याने या वाक्यावर विसंबून जास्त पैसे मोजू नयेत. आपल्या जोडप्यात मुलाचे १५,००० दरमहा, दर दोन वर्षांच्या वाढीसह, एकरकमी तडजोडीबाहेर चालू ठेवणं दोघांनाही स्वच्छ पडतं.

तिसरी वाट शून्य पोटगीची. काही संमतीपत्रांत पत्नी एक रुपयाही न घेता "आयुष्यभर पोटगी मागणार नाही" असं लिहून देते, बहुतेकदा सुटका लवकर व्हावी म्हणून. असा हक्कत्याग सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे आणि नंतरही कलम २५ खाली अर्ज करता येतो, असं मुंबई उच्च न्यायालयाने २००४ मध्ये म्हटलं आहे. योग्य रक्कम घेऊन दिलेली पूर्ण फेड आणि काहीच न घेता दिलेला त्याग यांत कोर्ट फरक करतं. त्यामुळे "शून्यात सुटलो" म्हणून निश्चिंत झालेला नवरा खरं तर सर्वांत उघडा राहतो. १८ लाख देऊन पावती घेतलेला त्याच्यापेक्षा कितीतरी सुरक्षित असतो.